सांगलीच्या हळद पेठेवर माहितीपट करायचाय? संहिता अशी लिहा

जुन्या बाजारपेठेवरच्या माहितीपटाचा पहिला खर्डा नव्वद टक्के वेळा एकाच साच्यात येतो. ड्रोनमधून दिसणारी पेठ, पिवळ्या राशी, मागे सतार आणि भारदस्त आवाजात ‘शंभर वर्षांची परंपरा’. मग चार वयस्कर व्यापारी ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणतात आणि शेवटी सूर्य मावळतो. बघणाऱ्याला यातून कळत काहीच नाही. पूर्वी नेमकं काय होतं, ते कशामुळे गेलं आणि त्यात कुणाचं काय गेलं, हे सगळं बाहेरच राहतं. हे टाळायचं असेल तर संहितेचं काम कॅमेरा काढण्याच्या बरंच आधी सुरू करावं लागतं आणि चित्रीकरण संपल्यावर पुन्हा एकदा नव्यानं करावं लागतं. मी इथे सांगलीच्या हळद पेठेचं उदाहरण धरून चालतोय. ही पेठ शंभरीपार आहे, आजही चालू आहे आणि तिच्याकडे हरिपूरच्या पेवांसारखी, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांसारखी गोष्ट आहे, जी दुसऱ्या मसाल्याच्या बाजारात सापडायची नाही.

पहिलं काम: एकच प्रश्न धरा

‘सांगलीचा हळद बाजार’ हा नुसता विषय झाला. संहितेला प्रश्न लागतो. त्या प्रश्नाचं उत्तर काळाबरोबर बदललेलं असावं आणि ते कॅमेऱ्याला दाखवताही यावं. माझ्या मते सांगलीसाठी तो प्रश्न असा आहे: हळद विकली जाईपर्यंत कुठे राहायची, आणि ती दाबून ठेवायची की विकायची हे कोण ठरवायचं?

या प्रश्नाला जोर का आहे ते कळायला पेव समजून घ्यायला हवं. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या घट्ट मातीत वीस फुटांच्या आसपास खोल खड्डे खणलेले असत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट रांजणासारखं फुगलेलं. आतून सारवायचं, तळाला आणि कडेनं पाला-कडबा लावायचा, वाळलेली हळद भरायची आणि तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. आत अडकलेल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि त्यामुळे पोरकिडा जगत नाही. औषध नको, वीज नको, गोदामाचं भाडं तर नाहीच. माल वर्षानुवर्षं टिकतो आणि वजनातही घट येत नाही, असं जुने व्यापारी सांगतात. भाव पडला की पेव बंद ठेवायचं आणि चढला की उघडायचं. म्हणजे पेव ही साठवणुकीची जागा तर होतीच, पण थांबण्याची ताकदही होती. ती ताकद कुणाकडे होती, कुणाकडे नव्हती आणि पुढे ती कुणाकडे गेली, हा आपला चित्रपट.

प्रश्न ठरला की बरंच काही आपोआप गळून पडतं. हळदीचे औषधी गुण, लग्नातली हळद, हळदीवरचं अमेरिकेतलं पेटंट आणि १९९७ साली ते रद्द होणं, हे सगळं रंजक आहे. पण ते या चित्रपटात नको. नवख्या लेखकाचा हात इथेच थरथरतो. गाळलेल्या गोष्टींची वेगळी यादी ठेवा, म्हणजे मन शांत राहतं.

दोन वह्या

एक वही आठवणींची, दुसरी कागदांची. सुरुवातीला त्या एकमेकींत मिसळू नका.

कागदांच्या वहीत फक्त तारखेनिशी सिद्ध होणाऱ्या गोष्टी लिहायच्या. एवढ्या मोठ्या गोष्टीला सहा-सात खुंट्या पुरतात. १९४८ साली सांगली संस्थान विलीन झालं. त्यामुळे त्याआधीची पेठ शोधायची तर मुंबई इलाख्याच्या कागदांत फारसं हाती लागणार नाही, संस्थानी दप्तरं बघावी लागतील. १९६३ साली महाराष्ट्राचा शेतमाल पणन कायदा झाला आणि सौदे, अडत, तोलाई बाजार समितीच्या नियमांखाली आली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यातून हमालांची मजुरी, भविष्य निधी आणि नोंदणी यांना कायदेशीर चौकट मिळाली. २००४ साली राष्ट्रीय पातळीवरच्या ऑनलाइन वायदेबाजारात हळदीचे व्यवहार सुरू झाले. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णा-वारणेचा महापूर आला आणि हरिपूरची पेवं मोठ्या प्रमाणावर बुडाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि लगेच २०१९ ला आणखी मोठा पूर आला. एवढं पुरे. यातली प्रत्येक तारीख चित्रपटात येईलच असं नाही, पण कुणी ‘त्या वेळी’ म्हणालं तर ते कोणत्या दोन खुंट्यांच्या मधलं, हे तुम्हाला कळायला हवं.

आठवणींच्या वहीत माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहा. दुरुस्ती नको, सारांशही नको. ‘व्यापाऱ्याला पेवांविषयी हळहळ वाटते’ अशी नोंद संकलनाच्या टेबलावर शून्य कामाची. ‘पेव उघडलं की वास पार कोपऱ्यावर यायचा’ हे वाक्य मात्र दृश्य घेऊन येतं.

कुणाला विचारायचं, आणि कोणत्या क्रमानं

पेठेत गेलं की सगळे बोट दाखवतात ते मोठ्या अडत पेढीकडे. तिथे चहा मिळतो, खुर्ची मिळते, आजोबांचा फोटो मिळतो आणि मागच्या अनेक मुलाखतींत घासूनपुसून गुळगुळीत झालेली गोष्ट मिळते. तिथे जायचंच, पण सगळ्यात शेवटी. आधी हमाल, मग पेवात उतरणारे कामगार, मग हळद निवडणाऱ्या बायका, मग बाहेरगावाहून माल घेऊन आलेला शेतकरी, त्यानंतर खरेदीदार आणि मग अडत्या. याचं कारण अगदी व्यवहारी आहे. हमालानं पेवाचं झाकण कसं काढतात ते सांगितलेलं असेल, तर पेढीवर तुम्ही विचाराल तो प्रश्न नेमका असतो, आणि समोरचा माणूस ठरलेलं भाषण सोडून बोलायला लागतो.

एक धोका लक्षात ठेवा. अडत्या आणि खरेदीदार यांना बरेच जण एकच समजतात. अडत्या शेतकऱ्याचा माल सौद्याला लावतो आणि त्यावर अडत घेतो. माल विकत घेणारा खरेदीदार वेगळा असतो. काही घराण्यांनी दोन्ही धंदे केले, पण भाव चढला तर कुणाला आनंद होतो याचं उत्तर दोघांचं वेगळं येतं. संहितेत ‘व्यापारी’ असा सरसकट शब्द वापरलात तर हा सगळा ताण हातातून निसटतो.

‘पूर्वी कसं होतं हो, अण्णा?’ हा प्रश्न कुणालाच विचारू नका. त्याचं उत्तर ‘लई भारी होतं’ एवढंच येतं. त्याऐवजी काम विचारा, वस्तू विचारा, एखादा दिवस विचारा. पेवात उतरलेल्या माणसाशी बोलणं साधारण असं व्हायला हवं:

‘मामा, पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं काय?’

‘छ्या. तसं कसं? उघडं ठेवायचं आदी. मग कंदील सोडायचा दोरीनं.’

‘कशाला?’

‘इझला तर मानूस न्हाई उतरायचा. जळत ऱ्हायला तर उतरायचं.’

‘आणि कधी विझला तर?’

या शेवटच्या प्रश्नावर जो थांबेल, त्याला थांबू द्या. मध्ये बोलू नका. बंद पेवात प्राणवायू नसतो म्हणून हळद टिकते, आणि त्याच कारणानं माणूस गुदमरतो. अख्ख्या पेठेची कमाई आणि मजुराचा जीव एकाच गोष्टीवर टांगलेला होता, हे तुम्ही निवेदनात सांगायची गरजच उरत नाही. तो कंदील ते सांगतो. (कंदिलाची ही चाचणी परंपरेची आहे, सुरक्षेची हमी नाही. चांगलं दृश्य मिळेल म्हणून कॅमेरामनला जुन्या पेवात उतरवू नका. वरून कंदील आणि कॅमेरा दोन्ही दोरीनं सोडता येतात.)

हळद निवडणाऱ्या बायका कॅमेऱ्यासमोर ‘आमचं काय, आम्ही फकस्त निवडतो’ म्हणतात. त्यांच्या पुढ्यात सुपात मिसळलेला माल ठेवा आणि हळकुंड, गट्टा, कणी वेगळं करायला सांगा. हात चालू झाले की तोंड चालू होतं. कोणता माल राजापुरी आणि कोणता परपेठेचा, म्हणजे बाहेरच्या राज्यांतून आलेला, हे त्यांना नुसत्या बोटांना कळतं. परपेठेचा माल कधीपासून वाढला हेही त्या त्यांच्या पद्धतीनं सांगतील: थोरलीच्या लग्नाच्या वर्षी, धाकटा शाळेत घातला तेव्हा. अशा खुणा वहीत तशाच लिहा आणि साल नंतर लावा.

उतारा काढणं

कंटाळवाणं आहे, पण यातून पळवाट नाही. प्रत्येक मुलाखत वेळेच्या नोंदीसह शब्दशः उतरवून काढा. समासात तीनच खुणा करा. ‘दृ’ म्हणजे वाक्यात दृश्य आहे. ‘दा’ म्हणजे तपासता येईल असा दावा आहे. ‘म’ म्हणजे नुसतं मत. पहिल्या वाचनात मतांचा ढीग पडलेला दिसेल आणि दृश्यं मोजकीच निघतील. संहिता उभी राहते ती ‘दृ’ आणि ‘दा’ यांच्यावर. मतं मसाल्यातल्या हिंगाइतकीच घ्या.

बोली सुधारायची नाही. ‘हुतं’ ला ‘होतं’ करून पडद्यावर उपशीर्षक दिलं की माणूस खोटा वाटायला लागतो. विदर्भातल्या किंवा मुंबईतल्या प्रेक्षकाला कळणार नाही अशी भीती असेल, तर तो शब्द कळेल असं दृश्य शेजारी ठेवा.

आठवण आणि कागद यांची गाठ: एक उदाहरण

आता मुख्य काम. हरिपूर-सांगलीत हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल: ‘२००५ च्या पुरानं पेवं संपवली.’ हे खोटं नाही. पाणी जमिनीखाली शिरलं, पेवं ढासळली, हळद कुजली, काही पेवांचा पुन्हा वापरच झाला नाही. पण संहितेत हे वाक्य एवढ्यावर सोडलं तर चित्रपट पुराची बातमी होतो. म्हणून हा दावा कागदांच्या वहीसमोर धरायचा.

पहिला प्रश्न असा विचारायचा की पूर काय पहिल्यांदाच आला होता? नदीकाठची पेठ आहे, पाणी तिला नवं नाही. आयर्विन पूल १९२९ सालचा आहे. तिथे पाण्याची पातळी मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. सांगलीकरांच्या तोंडी पावसाळ्यात हेच आकडे असतात. मग आधीच्या पुरांनंतर पेवं पुन्हा दुरुस्त का झाली आणि यावेळी का झाली नाहीत? उत्तर पाण्यात सापडणार नाही, धंद्यात शोधावं लागेल.

दुसरा प्रश्न: पूर यायच्या आधीच कोणी पेव सोडायला लागलं होतं का? इथे २००४ ची खुंटी कामाला येते. वायदेबाजारात माल प्रत्यक्ष द्यायचा तर तो मान्यताप्राप्त गोदामात, तपासलेला आणि प्रत ठरवलेला लागतो. जमिनीखाली लिंपून बंद केलेल्या मालाची प्रत वरून कशी तपासणार? बँकेचंही तसंच. गोदामाच्या पावतीवर कर्ज देता येतं, कारण गोदामात जाऊन पोती मोजता येतात. पेवातला माल हा मालकाच्या शब्दावर. ज्या बाजारात शब्द चालत होता तिथे पेव चाललं. बाजाराला पावती लागायला लागली तशी शीतगृहं आणि गोदामं पुढे आली, आणि पुरानं त्या चालू वाटचालीला जोराचा धक्का दिला. हे माझं वाचन आहे. तुमच्या मुलाखतींत ते टिकतं का ते तपासा. त्यासाठी विचारायचा प्रश्न साधा आहे: ‘पूर यायच्या आदल्या वर्षी तुमची किती पेवं भरली होती, आणि किती मोकळी होती?’ निम्मी मोकळी होती असं उत्तर आलं तर तुमची गोष्ट पुराच्या आधी सुरू होते. सगळी भरली होती असं आलं तर मी म्हणतोय ते बाजूला ठेवा आणि पुरालाच मोठी जागा द्या.

तिसरा प्रश्न: नुकसान कुणाचं झालं? पेवाचा मालक, मालाचा मालक आणि पेवात उतरणारा मजूर हे तीन वेगळे लोक असू शकतात. मालाच्या मालकानं पुढच्या वर्षी गोदाम धरलं. पेवमालकाकडे खड्डा उरला. मजुराचं कसबच गेलं. ‘पेवं संपली’ या एका वाक्यात तीन वेगळी दुःखं आहेत आणि ती तीन तोंडांतून यायला हवीत.

हे कागदावर उतरवल्यावर संहितेचं पान कसं दिसेल, तो नमुना खाली देतो. यातली बोलणी नमुन्यासाठी मी रचली आहेत. तुमच्याकडे खरी येतील.

> दृश्य १४. हरिपूर, सकाळ.
> चित्र: गवतानं भरलेली जमीन. एक माणूस चालत येतो, पायानं माती बाजूला सारतो. खाली दगडी तोंड.
> पेव कामगार (समोर): हितं एक हाय. त्या बाभळीखाली दुसरं. तुम्ही उभं ऱ्हायलाय ना, तिथंबी.
> चित्र: कॅमेरा खाली, कॅमेरावाल्याच्या पायाशी.
> नैसर्गिक आवाज: वारा. लांबून घाटावरची घंटा.
>
> दृश्य १५. अडत पेढी, दुपार.
> चित्र: जुनी खतावणी, पानाला पिवळट डाग. बोट एका नोंदीवर थांबतं.
> अडत्या (चित्रावर आवाज): पुराच्या आदल्या सालची ही. हे पेवाचं. आणि हे खाली… हे गोदामाचं भाडं. तेव्हाच सुरू झालं होतं ते.
> चित्र: अडत्याचा चेहरा. तो पान उलटत नाही.
>
> दृश्य १६. शीतगृह, आत.
> चित्र: रचलेली पोती, प्रत्येकावर चिठ्ठी. कॉम्प्रेसरची घरघर.
> निवेदन: २००४ मध्ये हळदीचा वायदा सुरू झाला. पुढच्या पावसाळ्यात पूर आला.

निवेदनात दोनच वाक्यं आहेत आणि ‘म्हणून’ नाही, हे बघा. दोन घटना शेजारी ठेवल्या. त्यांचा संबंध खतावणीच्या पानानं आधीच जोडलेला आहे, आणि तोही अडत्याच्या स्वतःच्या तोंडून. आठवण आणि मोठी गोष्ट विणायची म्हणजे प्रत्यक्षात एवढंच करायचं असतं: माणसाचं वाक्य, त्याला पुष्टी किंवा छेद देणारा कागद आणि निवेदनाची एक तारीख, तिन्ही लागोपाठ. माणूस आणि कागद यांचं पटत नसेल तर ते लपवू नका. छेद देणारा कागद त्याच माणसाच्या हातात द्या आणि कॅमेरा चालू ठेवा. मात्र त्याची फजिती करायला हे करायचं नाही. कागद कॅमेरा सुरू होण्याआधी त्याला दाखवून ठेवा.

भावाच्या आकड्यांपासून सावध

जुने लोक भाव सांगतात तो मणाचा. मण सगळीकडे सारखा नव्हता, पेठेपेठेला बदलायचा. देशात मेट्रिक वजनं सक्तीची झाली ती १९५६ च्या कायद्यानंतर, टप्प्याटप्प्यानं. त्यामुळे ‘तेव्हा मणाला अमुक रुपये’ याला क्विंटलमध्ये बदलून पडद्यावर आलेख काढला तर तो जवळजवळ नक्की चुकणार. भाव सांगू द्या, पण आलेख नको. त्याऐवजी त्या वेळी त्याच पैशात दुसरं काय यायचं ते विचारा. माणूस सोन्याचा किंवा बैलजोडीचा हिशोब लगेच सांगतो.

दुसरी गफलत मुहूर्ताच्या दराची. दरवर्षी नव्या हळदीचे सौदे पूजा करून सुरू होतात, पहिल्या काही पोत्यांना मानाचा चढा दर निघतो आणि तो वर्तमानपत्रात छापून येतो. त्या हंगामात शेतकऱ्याला खरंच मिळालेला भाव वेगळा असतो. जुन्या कात्रणांवरून भावाची गोष्ट सांगणार असाल तर मुहूर्ताची बातमी बाजूला ठेवा आणि त्याच वृत्तपत्रातलं रोजचं बाजारभावाचं छोटं सदर बघा. बाजार समितीकडची आवक आणि दराची नोंद मिळाली तर उत्तम.

रचना: हंगाम पुढे, आठवण मागे

समजा चित्रपट २६ मिनिटांचा आहे. संस्थान, स्वातंत्र्य, कायदा, पूर अशी कालक्रमानं मांडणी केली तर पहिली दहा मिनिटं दाखवायला तुमच्याकडे चार फोटो असतील आणि बाकी सगळं निवेदन. त्याऐवजी वर्तमानातला एक हंगाम कणा म्हणून धरा. जानेवारीच्या आसपास नवा माल, मुहूर्ताचे सौदे, उन्हाळ्यात भरगच्च आवक, मग पावसाची चाहूल आणि आयर्विन पुलाकडे लागलेले डोळे. गोष्ट अशी पुढे सरकत राहते आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक आठवण मागे जाते. सौद्यापाशी अनेक पेठांतल्या रुमालाखालच्या जुन्या व्यवहारांची आठवण काढता येते, म्हणजे बोटांच्या खुणांनी गुपचूप ठरणारा भाव. सांगलीत ते कसं चालायचं हे तुम्हाला कुणी तरी करून दाखवलं तरच ते घ्या, ऐकीव माहितीवर नाही. साठवणुकीपाशी पेव येतं आणि पावसापाशी पूर.

या रचनेचा फायदा म्हणजे प्रेक्षक पावसाची वाट बघायला लागतो. २००५ आणि २०१९ काय होतं हे त्याला कळेपर्यंत आकाश भरून आलेलं असतं. तोटा असा की चित्रीकरण वर्षभर पसरतं आणि निर्माता कुरकुर करतो. बजेट नसेल तर मुहूर्ताचे दिवस आणि पावसाचा एक आठवडा, एवढ्यावर निभावता येतं. मधला उन्हाळा मुलाखतींनी भरून निघतो.

पहिल्या तीन मिनिटांत इतिहास सांगू नका. सौद्याचा गोंगाट, पोत्यात हात घालून काढलेलं हळकुंड, ते मोडून आतला रंग बघणारा खरेदीदार, इतकंच. मोडल्याचा तो आवाज चांगला ध्वनिमुद्रित करा, कारण माल नीट वाळलाय की नाही हे त्या आवाजावरून ओळखतात. नंतर गोदामात तोच आवाज पुन्हा आला की काही समजावून द्यावं लागत नाही.

निवेदन सगळ्यात शेवटी

चित्रपट जोडून झाल्यावर निवेदन लिहा. आधी ते न घालता पूर्ण जोडणी अशा दोन माणसांना दाखवा, ज्यांना हळद फक्त डब्यातली माहीत आहे. त्यांना जिथे कळलं नाही तिथेच निवेदन घाला. २६ मिनिटांत ८०० शब्दांच्या वर जाऊ नका. मराठी निवेदनाचा निवांत वेग मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांचा धरला तर हीसुद्धा सात-आठ मिनिटं होतात आणि तीही मला जास्तच वाटतात.

निवेदनात तीन प्रकारची वाक्यं चालतात: तारीख सांगणारं, जागा सांगणारं, आणि पडद्यावर दिसत नाही पण कळायला हवं असं कारण सांगणारं. भावना सांगणारं वाक्य नको. ‘पिवळं सोनं’ हे तर संहितेत एकदाही येऊ देऊ नका. प्रत्येक बातमीत ते असतं आणि ते ऐकलं की प्रेक्षकाचं लक्ष उडतं.

परवानगी, आणि न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

मार्केट यार्डात चित्रीकरणाला बाजार समितीची लेखी परवानगी घ्या. माणसांची संमतीही लेखी घ्या आणि ती घेताना चित्रपट कुठे दाखवणार ते साध्या मराठीत सांगा. खतावणीवर कॅमेरा लावलात तर तिच्यात दुसऱ्यांची नावं आणि देणी असतात. ती वाचता येणार नाहीत अशीच चौकट लावा किंवा संकलनात झाका. पन्नास वर्षांपूर्वीची उधारीसुद्धा नातवाला लागते.

साठेबाजी, बुडालेली उधारी, कर, या गोष्टी पेढीवर कुणी कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही. धरून बसू नका. पेवच साठ्याबद्दल बोलतं. भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवता येणाऱ्यांचं एक वाक्य घ्या, आणि लगेच हंगामातच माल विकून सोसायटीचं कर्ज फेडावं लागलेल्या शेतकऱ्याचं एक वाक्य. दोन्ही वाक्यं खरी असली की आरोप न करता गोष्ट पुरी होते.

संहितेचा अंतिम खर्डा तयार झाला की ज्यांचे दावे वापरलेत त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा, शक्य तर घरी जाऊन. दुरुस्ती सुचवली तर दोन प्रकार ओळखा. ‘साल चुकलंय’ म्हणाले तर कागद बघा आणि बदला. ‘हे बरं दिसत नाही’ म्हणाले तर का ते ऐकून घ्या. कधी त्यातून नवी माहिती निघते, कधी फक्त भीती असते. कामगाराचं वाक्य त्याच्या मालकाच्या सांगण्यावरून काढायचं नाही, त्यासाठी कामगारालाच विचारायचं. हे सगळं मिळून पंधरा दिवस जातात, म्हणून वेळापत्रकात ते आधीच धरा आणि संगीत आणि रंगसंगतीचं काम त्यानंतर लावा.